उसामागे लपलेला हात

माझी बदली सांगलीच्या वाहतूक शाखेत झाली, तेव्हा आमच्या माणदेशातल्या घरी कुणाला फारसा आनंद झाला नाही. वडलांना वाटायचं, पोलीस म्हणजे पोलीस ठाण्यात खुर्चीवर बसणारा माणूस. चौकात उन्हात उभं राहून हात हलवायला पोरगी कशाला भरती झाली, असं ते आईला म्हणाले. मला मात्र ते काम पहिल्या दिवसापासून आवडलं. वर्षातले सहा महिने मेंढरांमागं उघड्यावर काढणाऱ्या घरात मी वाढलेली. ऊन, धूळ, सतत पायांवर उभं राहणं, यातलं काहीच मला नवीन नव्हतं. आणि हात वर केला की समोरून आलेला मोठा ट्रक जागेवर थांबतो, याचं समाधान खुर्चीत बसून मिळत नाही.

मला मिळालेला चौक शहराच्या कडेचा. एका बाजूनं साखर कारखान्याकडं जाणारा रस्ता, दुसऱ्या बाजूनं हळदीच्या बाजाराकडून येणारा, तिसरा स्टँडकडं आणि चौथा कॉलेजांच्या वस्तीकडं. रस्त्याचं काम चाललं होतं, त्यात केबल तुटलेली, म्हणून सिग्नलचे दिवे बंद. त्या हंगामात चौक चालला तो आमच्या हातांवर. आमच्या म्हणजे माझ्या आणि एका हवालदारांच्या. ते निवृत्तीला आलेले, अंगानं जाड, आवाजानं बारीक. मला ते ‘बाळा’ म्हणायचे आणि चूक दिसली तर सगळ्या चौकासमोर ओरडायचे.

प्रशिक्षणात शिकलेलं मला चोख पाठ होतं. समोरून येणाऱ्याला थांबवायचं तर उजवा हात वर, तळवा त्याच्याकडं. पाठीमागून येणाऱ्याला थांबवायचं तर डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा, ताठ. दोन्ही बाजू एकदम थांबवायच्या तर उजवा वर आणि डावा आडवा, एकाच वेळी. डावीकडच्यांना सोडायचं तर डाव्या हातानं कोपरात वाकवून आपल्याकडं बोलवायचं. हात अर्धवट उचलायचा नाही, उचलला की खाली घेईपर्यंत डगमगायचा नाही. मी आरशासमोर सराव केलेला होता आणि माझा हात सरळ जायचा. हवालदारांनी पहिल्या दिवशी तासभर बघितलं आणि म्हणाले, “हात चांगला आहे. आता ज्याला दाखवतेस त्याच्या डोळ्यात बघत जा.”

ऊस सुरू झाला आणि चौकाचं रूप पालटलं. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, आणि दोन्हींवर ऊस इतका रचलेला की दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. पुढून बघितलं तर ट्रॅक्टर आणि त्यावरचा माणूस दिसतो. मागून बघितलं तर नुसता चालता उसाचा फड. कित्येकांच्या मागच्या ट्रॉलीला दिवेच नव्हते, किंवा होते ते तुटलेले. म्हणून ही माणसं हातानं इशारा करायची. डावीकडं वळायचं असलं की उजवा हात बाहेर सरळ काढून घड्याळाच्या उलट दिशेनं गोल फिरवायची. नियमात डाव्या वळणाचा इशारा तोच आहे, कारण चालकाचा बाहेर निघणारा हात उजवाच. त्यांचा इशारा बरोबर असायचा. मी समोर उभी असल्यानं मला तो लख्ख दिसायचा.

त्या दिवशीची सकाळ कॉलेजच्या वेळेची होती. हळदीच्या बाजाराच्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर माझ्याकडं आला. त्यावरचा शेतकरी चाळिशी ओलांडलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यानं हात बाहेर काढून गोल फिरवला. त्याला डावीकडं वळून कारखान्याच्या रस्त्याला लागायचं होतं. मी आडव्या रस्त्याची वाहनं थांबवली आणि त्याला येऊ दिलं. आता दोन ट्रॉल्या घेऊन डावीकडं वळायचं तर ट्रॅक्टर आधी थोडा उजवीकडं घ्यावा लागतो, नाहीतर मागची ट्रॉली फुटपाथवर चढते. त्यानं तसा उजवीकडं घेतला. त्यामुळं डाव्या बाजूला, ट्रॉली आणि फुटपाथच्या मध्ये, मोकळी जागा तयार झाली. त्या जागेत एक स्कूटी शिरली.

मी शिट्टी फुंकली, धावले, पण ट्रॉली वळायला लागली होती. स्कूटी चालवणाऱ्या मुलीला उसाचा धक्का लागला आणि ती रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगावर फेकली गेली. स्कूटी मागच्या चाकाखाली गेली. तो आवाज ऐकून सगळा चौक थबकला. मी तिच्याजवळ पोचले तेव्हा ती उठून बसली होती, मनगट धरून. ते मोडलेलं दिसत होतं. बाकी ती धड होती. ती वाळू तिथं नसती तर काय झालं असतं, यावर मी तेव्हा विचार केला नाही आणि नंतरही करत बसले नाही.

हवालदारांनी रिक्षा थांबवून तिला दवाखान्यात पाठवायची व्यवस्था केली. तोवर ट्रॅक्टरभोवती गर्दी जमली होती. कुणीतरी त्या शेतकऱ्याची गचांडी धरून त्याला खाली ओढलं होतं.

“हात दाखवला हुता मी!” तो ओरडत होता. “लय लांबनं दाखवत आलोय!”

“कुणी बघितला तुझा हात?” गर्दीतला एकजण म्हणाला.

मी गर्दीत शिरले आणि गचांडी धरणाऱ्याचा हात बाजूला केला. “मी बघितला,” मी म्हणाले. “डावीकडं वळतोय असं त्यानं सांगितलं होतं. आता मागं सरका सगळे.”

खाकीतल्या बाईनं असं सांगितल्यावर पुढच्या रांगेतला जोर कमी झाला. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला पुढं आला. तो ट्रॉलीच्या उजव्या अंगानं मागून येत होता. “हात मला बी दिसला,” तो म्हणाला. “पर वळतोय म्हणून न्हवं. पुढं जा, पुढं जा, आसं म्हणत हुता की त्यो! मी जाणारच हुतो.”

रिक्षात बसलेल्या मुलीला मी विचारलं, “तुला दिसला होता का हात?”

ती म्हणाली, “कुठला हात? मला नुसता ऊस दिसत होता.”

दिवसभर ही तीन वाक्यं माझ्या डोक्यात राहिली. ट्रॅक्टरवाल्यानं इशारा केला होता आणि तो बरोबर होता. एकानं तो बघितला, पण उलटा वाचला. मागच्याला पुढं जाऊ द्यायचं असलं की चालक हात मागून पुढं अर्धगोलात झुलवतो. घाईतल्या माणसाला गोल फिरणारा हात आणि झुलणारा हात एकच वाटतो. आणि जिच्या जिवावर बेतलं तिला हात दिसलाच नव्हता. पंचनामा, जबाब, सगळं रीतसर झालं. मागचे दिवे बंद म्हणून त्या शेतकऱ्यावर कारवाईही झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण माझ्या चौकातून रोज अशी किती वाहनं जात होती, आणि प्रत्येकाला दंड करून तो हात मागच्या माणसाला दिसणार नव्हता.

संध्याकाळी चहा पिताना मी हवालदारांना म्हणाले, “साहेब, इशारा फक्त मला कळतोय. मग तो मागं पोचवायचं काम आपलंच नाही का?”

त्यांनी बशीत ओतलेला चहा संपवला. मग म्हणाले, “आपल्याला कळून भागणार नाही. आधी त्यांना सांगायला पाहिजे, आपण काय करणार ते. कारखान्यावर जाऊ. तिथं सगळे रिकामे सापडतात.”

ते खरं होतं. कारखान्याच्या आवारात वजनासाठी ट्रॅक्टरांची रांग लागते. नंबर येईपर्यंत चालक सावलीला पडून असतात, पत्ते खेळतात, मोबाइल बघतात. आमच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली, कारखान्याच्या माणसांनी जागा दिली. हवालदारांनी मैदानावर चुन्याच्या फक्कीनं चार रस्ते आखले आणि मधोमध मला उभं केलं.

सुरुवातीला कुणी जवळ येईना. पोलीस आले म्हणजे कागद मागणार, अशीच सगळ्यांची समजूत. मग मी मोठ्यानं म्हणाले, “कागद कुणाचेच बघणार नाही आज. मला एवढंच सांगा, मी हे केलं तर तुम्ही काय करता?” आणि डावा हात आडवा करून मी ताठ उभी राहिले. माझी पाठ त्यांच्याकडं होती.

मागून एक आवाज आला, “डावीकडं जातो की!”

“का?”

“तुमीच दावताय न्हवं का हात डावीकडं?”

बरेच जण हसले, पण हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना तसंच वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. मी वळून सांगितलं, “माझी पाठ दिसतेय आणि हात आडवा आहे, म्हणजे तुम्ही थांबायचं. तो हात म्हणजे फाटक आहे, बाण नव्हे.”

त्यानंतर जरा रंग भरला. मी त्यातल्या एकाला पुढं बोलावलं आणि म्हटलं, फक्कीच्या रस्त्यानं ट्रॅक्टर चालवत असल्यासारखा ये आणि हातानं इशारे कर, बाकीच्यांनी ओळखायचं. त्यानं उजवा हात सरळ बाहेर काढला, तळवा पुढं. उजवीकडं वळतोय, हे सगळ्यांनी ओळखलं. मग कोपरातून हात उभा केला, तळवा पुढं. थांबतोय, हेही ओळखलं. तळवा जमिनीकडं करून हात वरखाली हलवला, तेव्हा दोघे म्हणाले थांबतोय आणि बाकीचे म्हणाले वेग कमी करतोय. बाकीचे बरोबर होते. मग त्यानं हात गोल फिरवला आणि तिथं भांडणच लागलं.

“पुढं जा म्हणतोय.”

“आरं न्हाई गड्या, डावीकडं वळतोय त्यो.”

“मग पुढं जा कसं म्हणायचं?”

अपघातातला तो शेतकरी त्या घोळक्यात होता. मला तो आधी दिसला नव्हता. तो उठून पुढं आला. “मी दावतो,” म्हणाला. त्यानं हात मागून पुढं अर्धा झुलवला. “ह्ये म्हंजी जा पुढं.” मग हात पूर्ण लांब करून मोठा, सावकाश गोल काढला, उलटा. “आनि ह्ये म्हंजी मी डावीकडं चाललोय. माझा बी त्या दिवशी बारकाच गोल हुता. घाईत हुतो.”

त्यावर एकजण म्हणाला, “तर गावात पुढं जा म्हणून हात करायचाच न्हाई. मागच्याचं मागचा बघंल.” हे सगळ्यांना पटलं. तसा नियम कुठं लिहिलेला नाही, पण त्यांनी तो आपसांत केला आणि मला तो आवडला. त्यांनीच पुढं ठरवलं की डाव्या वळणाचा गोल मोठा काढायचा आणि ट्रॅक्टर उजवीकडं घ्यायच्या आधीच काढायला सुरुवात करायची.

आमच्या बाजूनं मी सांगितलं की हवालदार यापुढं चौकाच्या मधे नाही, हळदीच्या बाजाराच्या रस्त्याच्या डाव्या कडेला उभे राहतील. ट्रॅक्टरवाल्यानं गोल काढला की मी हवालदारांकडं बघून लांब शिट्टी वाजवीन. ते ट्रॉलीच्या मागं डाव्या बाजूला उभे राहून हातानं दुचाक्या अडवतील. त्यांचा हात आडवा होईपर्यंत मी ट्रॅक्टरला बोलावणार नाही, आणि मी बोलावल्याशिवाय त्यानं वळायचं नाही.

“आणि दिव्याचं काय?” हवालदारांनी विचारलं. “हात आहे म्हणून दिवे मोडके चालतील, असं कुणी समजू नका. अंधारात हात दिसत नाही.”

“वायर टाकतो की सायेब,” त्या शेतकऱ्यानं सांगितलं. “दोन्ही ट्रॉल्यांना टाकतो.” त्यानं टाकलीही. पुढच्या वेळी तो चौकात आला तेव्हा मागच्या ट्रॉलीच्या लाल दिव्याकडं बोट करून त्यानं मला मुद्दाम दाखवलं.

त्यानंतर चौक सुधारला. लगेच नाही. दुचाकीवाले हवालदारांशी भांडायचे, मोकळा रस्ता दिसत असताना अडवता का म्हणून. हवालदार भांडणात पडायचे नाहीत, नुसता हात धरून उभे राहायचे. थोड्याच दिवसांत रोजच्या लोकांना कळलं की लांब शिट्टी झाली म्हणजे ऊस वळणार.

मग जानेवारीतली एक दुपार आली. हळदीच्या बाजाराच्या रस्त्यावर चौकाच्या अलीकडं एका ओढ्यावरचा पूल आहे आणि पुलापासून चौकापर्यंत चढ आहे. एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन तो चढ चढत होता. चालक माझ्या ओळखीचा नव्हता, पण त्या दिवशी फक्कीच्या चौकात असलेला एखादा असावा. त्याच्या मागं एस.टी. होती, कॉलेजच्या मुलांनी भरलेली. पुलाजवळ रस्ता थोडा वळतो, त्यामुळं मला मागची ट्रॉली तिरकी दिसली. तिचं जोडणीचं तोंड उड्या मारत होतं. पुढची ट्रॉली एकीकडं, मागची दुसरीकडं. दोन्ही ट्रॉल्या जोडणारी पिन सुटायला आली होती. वर बसलेल्या माणसाला ते दिसणं शक्य नव्हतं.

मी एकदम थांबण्याचा हात केला नाही. त्यानं गचकन ब्रेक मारला असता तर मागची ट्रॉली पुढचीवर आदळली असती. मी त्याच्या डोळ्यात बघितलं आणि तळवा जमिनीकडं करून हात सावकाश वरखाली केला. हळू. त्यानं मान हलवली आणि तोच इशारा केला, हात बाहेर काढून, तळवा खाली, वरखाली. एस.टी. रस्त्याच्या मध्यरेषेला लागून चालली होती, त्यामुळं तिच्या चालकाला उसाच्या कडेनं तो हात दिसत होता. एस.टी. मागं पडू लागली. अंतर वाढलं. मग मी उजवा हात वर केला आणि डावा आडवा. समोरचे थांबले आणि माझ्या पाठीमागचेही थांबले. ट्रॅक्टरवाल्यानं कोपरातून हात उभा केला. एस.टी.च्या खिडकीतूनही एक हात तसाच उभा राहिलेला मला दिसला, आपल्या मागच्यांसाठी.

ट्रॅक्टर थांबला आणि त्याच क्षणी पिन निसटली. मागच्या ट्रॉलीचं लोखंडी तोंड डांबरावर आपटलं आणि ट्रॉली उतारानं मागं सरकू लागली. हवालदार कडेला उभे होते. एवढ्या जाड माणसाला मी कधी इतकं जोरात पळताना बघितलं नव्हतं. त्यांनी रस्त्याच्या कामातला एक मोठा दगड उचलून चाकामागं टाकला. दोघा मोटारसायकलवाल्यांनी दुसऱ्या चाकामागं टाकला. ट्रॉली दगडावर चढली, डुगडुगली, थोडा ऊस खाली सांडला आणि ती थांबली. एस.टी. तिच्यापासून चांगलीच लांब उभी होती. मधल्या मोकळ्या जागेत आणखी एखादी बस मावली असती.

मी तेवढा वेळ हात खाली घेतला नव्हता. चौकात एकही वाहन हललं नाही, हॉर्नसुद्धा कुणी वाजवला नाही. हवालदारांनी दगड नीट बसलेत याची खात्री करून मला खूण केली, तेव्हा मी हात खाली घेतला. खांदा भरून आला होता.

एस.टी.चा चालक खाली उतरून आला. ट्रॉलीकडं बघितलं, बसकडं बघितलं, आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, “तुझा हात दिसला म्हणून मी मागं राहिलो गड्या. न्हाईतर चिकटूनच चाललो हुतो.”

ट्रॅक्टरवाला माझ्याकडं बोट करून म्हणाला, “मी काय केलं न्हाई. मॅडमनी जे केलं त्येच मागं केलं.”

“तेच करायचं होतं,” मी म्हणाले.

बसच्या मुलांनी खाली उतरून सांडलेला ऊस कडेला ओढला. त्यातला बराचसा त्यांनी खाल्लाही. हवालदारांनी त्यांना ओरडायचं सोडून स्वतःसाठी एक कांडी मोडून घेतली. क्रेन आली, नवी पिन बसली, आणि सूर्य मावळायच्या आत चौक पुन्हा चालू झाला.

हवालदार त्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. माझी पुढं साताऱ्याला बदली झाली. इथं चौकाचे दिवे चालू असतात, तरी सुट्ट्यांत पाचगणीची गर्दी उतरली की दिवे बंद करून आम्हाला मधे उभं राहावं लागतं. उसाच्या हंगामाआधी मी अजून एकदा तरी इथल्या कारखान्यावर जाते. हल्ली पाठ करून डावा हात आडवा केला की लगेच आवाज येतो, “थांबायचं!” मग नवीन आलेल्या एखाद्याला जुने चालक समजावू लागतात, आणि मला बराच वेळ काही बोलावं लागत नाही.

मागच्या महिन्यात वडील दवाखान्याच्या कामासाठी साताऱ्याला आले होते. काम झाल्यावर ते चौकाच्या कोपऱ्यावर टपरीपाशी येऊन उभे राहिले. मला दिसले, पण मी हात सोडून बोलू शकत नव्हते. ते चहा पीत बघत राहिले. ड्यूटी संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले.

“घरी जाऊन आईला सांगतो,” ते म्हणाले, “पोरीचं काम बघून आलो म्हणून.”

मग त्यांनी मला चहा सांगितला.